वरचा माळा: एका नकाराची गोष्ट

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरमधलं स्वतंत्र घर. खाली सेवानिवृत्त शिक्षिका असलेल्या काकू एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. वरच्या माळ्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि अर्धी गच्ची. जिना बाहेरून. वीजमीटर वेगळं, पाण्याची टाकी वेगळी. आधीचे किरायेदार मेच्या मध्यावर गेले आणि काकूंनी गेटला पाटी लावली: ‘वरचा माळा किरायाने देणे आहे’. किराया ११,००० रुपये, डिपॉझिट दोन महिन्यांचं.

माझं काम किरायाचे करारनामे लिहून नोंदवून देण्याचं. काकूंचे आधीचे दोन करार मीच केले होते, म्हणून यावेळी फोन आला तेव्हा मला वाटलं नवा करार करायचा असेल. पण काकूंना करार नको होता, नकार कसा द्यायचा ते हवं होतं. असा फोन मला वर्षाकाठी बरेचदा येतो आणि बहुतेक लोकांना फक्त एक गोड वाक्य पाहिजे असतं. काकूंचं प्रकरण लिहून काढतोय ते अशासाठी, की त्यात वाक्यापर्यंत पोचायच्या आधीच बरंच काही करावं लागलं. त्यांची परवानगी घेतली आहे. ज्यांना नकार गेला त्यांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

रविवारी दुपारी भर उन्हात एक गृहस्थ बायको आणि आईला घेऊन घर पाहायला आले. नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत, घरात पाच माणसं: नवरा-बायको, दोन मुलं, आई. गाडी आहे. नळाला पाणी किती वेळ येतं, कूलरला खिडकीबाहेर स्टँड आहे का, पावसाळ्यात गच्ची गळते का, असे ज्यांना खरंच राहायला यायचं असतं त्यांचेच प्रश्न त्यांनी विचारले. काकूंनी सरबत केलं, म्हाताऱ्या बाईंनी जिन्याला कठडा आहे हे पाहून समाधान व्यक्त केलं. किराया कबूल, डिपॉझिट कबूल, करार नोंदवायला हरकत नाही. १ जुलैपासून येऊ म्हणाले, आणि आले की दोन-तीन वर्षं तरी हलणार नाही असंही. निघताना त्यांनी आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. नावावरून कुटुंब मुस्लिम आहे हे काकूंना तेव्हा कळलं.

सोमवारी संध्याकाळी दुसरं कुटुंब आलं. नवरा-बायको, एक मुलगी, एक स्कूटी, मूळ अकोल्याकडचे. १ जूनपासून पाहिजे म्हणाले.

मंगळवारी सकाळी शेजारचे काका कुंपणावरून बोलले. ‘कालचे चांगले आहेत. परवाच्यांना काही देऊ नका, उगाच गल्लीत विषय होईल. सांगा की मुलगा येऊन राहिला पुण्याहून.’ आणि पुढे आपलेपणाने सल्ला, ‘त्यांना म्हणा मोमिनपुऱ्याकडे पाहा, तिकडे भेटते.’

दुपारी काकूंचा मला फोन. ‘दुसऱ्यांनाच द्यावं म्हणते. पहिल्यांना दुखवायचं नाही. ते लोक फार सभ्य होते. काय सांगू?’

मी विचारलं, पहिल्यांना का नाही?

काकूंनी तीन कारणं सांगितली. माणसं पाच, पाणी पुरणार नाही. गाडी लावायला जागा नाही. आणि ते महिनाभर उशिरा येणार. मग जराशा थांबून चौथं, ‘आणि आपलं सगळं शाकाहारी आहे.’

मी म्हटलं, कालच्यांना विचारलं का, ते मटण खातात का?

नव्हतं विचारलं. त्यांच्याकडे दर रविवारी काय शिजतं ते काकूंना ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं. नागपुरात, जिथे सावजीचा रस्सा पाहुण्याला कौतुकाने वाढतात, तिथे आडनाव ओळखीचं निघालं की हा प्रश्न आपोआप गळून पडतो. वरच्या माळ्याला स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र जिना. खाणं ही अट काकूंनी पाटीवर लिहिली नव्हती, आधीच्या दोन किरायेदारांना घातली नव्हती, ती या एकाच घरासाठी जन्माला आली होती. एकालाच विचारलेली अट ही अट नसते. ती मी सरळ खोडायला सांगितली आणि काकूंनी वाद घातला नाही.

राहिली तीन कारणं. संध्याकाळी मी घरी गेलो आणि आम्ही ती एकेक करून तपासली.

पाण्याचं आधी. वरची टाकी ५०० लिटरची. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने तिघांना ४०५ लिटर लागतात, पाच जणांना ६७५. म्हणजे काकूंचं म्हणणं कागदावर खरं. पण खाली जमिनीत टाकी आहे, पंप आहे, आणि आधीचे किरायेदार असताना उन्हाळ्यात काकू पंप सकाळी-संध्याकाळी दोनदा चालवत होत्याच. दोनदा भरली तर हजार लिटर होतात. शिवाय आधीचे किरायेदार चार होते आणि त्यांचा भाऊ परीक्षेसाठी सहा महिने येऊन राहिला तेव्हा पाच. तेव्हा तक्रार नव्हती. पाण्याचं कारण आकड्यात बसत होतं, पण त्या घराच्या इतिहासात बसत नव्हतं. आणि समोरचा माणूस टाकी पाहून गेला होता. उद्या त्याने ‘मी स्वखर्चाने आणखी ५०० लिटरची टाकी बसवतो’ म्हटलं असतं तर काकूंकडे उत्तर काय होतं?

गाडीचं तर त्याहून लवकर निकालात निघालं. गृहस्थ रविवारीच म्हणाले होते की गाडी रस्त्यावर लावू, आत्ताही तशीच लावतो. काकू ते विसरल्या होत्या.

उरली तारीख. ही खरी होती. १ जूनऐवजी १ जुलै म्हणजे एका महिन्याचे ११,००० रुपये बुडणार. काकूंना पेन्शन आहे, पण छताच्या वॉटरप्रूफिंगचं काम पावसाळ्याआधी त्याच पैशांतून करायचं ठरलं होतं, कंत्राटदाराशी बोलणंही झालं होतं. हे कारण शेजारच्या काकांनी काही म्हणायच्या आधीपासूनचं होतं.

मग मी त्यांना एक कागद घेऊन दोन रकाने करायला सांगितले. नावं लिहायची नाहीत. फक्त माणसं किती, वाहन कोणतं, कधीपासून, किती काळ, किराया कबूल आहे का, करार आणि पोलिसांकडची माहिती याला तयार आहेत का. नाव झाकलं की पहिला रकाना वाईट दिसत नव्हता. उलट ‘किती काळ’ या ओळीत तोच वरचढ होता, कारण दुसरं कुटुंब अकरा महिने म्हणालं होतं, पुढचं पुढे. दर वर्षी नवा किरायेदार म्हणजे रंग, दुरुस्ती, रिकामा महिना, दलाल लावला तर त्याचा मोबदला. हे काकूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका ओळीत पहिले पुढे, एका ओळीत दुसरे पुढे, बाकी सारखं. आणि आले कोण आधी? पहिले.

कागदाकडे पाहत काकू म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांनाच द्यायला पाहिजे म्हणता?’

माझं म्हणणं तसं नव्हतं. घर काकूंचं आहे, कोणाला ठेवायचं ते त्या ठरवतील. मी एवढंच म्हटलं की तारीख हे तुमचं कारण असेल, तर ते कारण अजून पूर्ण झालेलं नाही. तुम्ही त्यांना विचारलंच नाही की १ जूनपासून जमेल का. जी अडचण समोरचा माणूस दूर करू शकतो, ती दूर करायची संधी त्याला न देता तीच अडचण नकारात सांगणं म्हणजे बहाणा. आधी विचारा. आणि विचारण्याआधी हे मनात पक्कं करा की ते ‘हो’ म्हणाले तर घर त्यांचं. ते कबूल नसेल तर फोन करू नका, कारण मग तारखेबद्दलचा तुमचा प्रश्नही खोटा ठरेल.

काकूंनी त्या रात्री फोन केला नाही. बुधवारी सकाळी केला. मधल्या वेळात मुलाशी बोलल्या, आणि माझ्या अंदाजाने स्वतःशीही. मुलगा म्हणाला म्हणे, ‘आई, तुला ज्यांच्याबरोबर राहायचं आहे ते तू ठरव, पण काकांच्या कुंपणावर ठरवू नको.’

फोनवर काकूंनी विचारलं: ‘मला वरचा माळा १ जूनपासून द्यायचा आहे. एक महिना रिकामा ठेवणं मला जमत नाही. तुम्हाला १ जूनपासून घेता येईल का? आज रात्रीपर्यंत सांगितलं तरी चालेल.’ गृहस्थांनी संध्याकाळी कळवलं की सध्याच्या घरमालकाला महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि जूनमध्ये दोन घरांचा किराया भरणं शक्य नाही. १ जुलैच.

आता कारण पूर्ण झालं. आणि आता नकार द्यायचा होता.

इथे थोडं थांबून, लोक एरवी काय करतात ते सांगतो, कारण माझ्यासमोर ते सगळे प्रकार येऊन गेले आहेत. ‘मुलगा येऊन राहिला’ हा सर्वांत लाडका. तो चार दिवसांत फुटतो, कारण पाटी तशीच लटकलेली असते, किंवा नाकारलेला माणूस मित्राला फोन करायला लावतो आणि मित्राला घर ‘रिकामं आहे, या पाहायला’ असं उत्तर मिळतं. ज्यांना हे वारंवार होतं ते असं पडताळून पाहतातच. दुसरा प्रकार पोलिसांचा: ‘तुमच्या कागदपत्रांचं पोलिसांत लफडं होईल.’ किरायेदाराची माहिती पोलिस ठाण्याला द्यायची ती प्रत्येकाची द्यायची असते, एखाद्याच समाजाची नाही, आणि हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून हे कारण नुसतं खोटं नाही, अपमानाचं आहे. तिसरा प्रकार मला सर्वांत कुत्सित वाटतो. एकदम किराया वाढवून सांगायचा, ११,००० चे १४,०००, म्हणजे माणूस आपणहून जाईल. तो कधीकधी जात नाही. हो म्हणतो. मग घरमालकाची जी धावपळ होते ती पाहण्यासारखी असते. आणि चौथा म्हणजे काहीच न सांगणं, फोन न उचलणं. यात माणूस आठवडाभर लटकतो, दुसरं घर हातचं जातं.

मुस्लिम कुटुंबांपुरतं हे नाही. आपल्या शहरात ‘आडनाव काय’ आणि पाठोपाठ ‘मूळ गाव कोणतं’ हे दोन प्रश्न फोनवरच्या पहिल्या मिनिटात येतात, आणि किरायाचा आकडा त्यानंतर सांगितला जातो. दीक्षाभूमीपासून चालत जाता येईल अशा वस्त्यांमध्येही ‘आपल्यातले पाहिजे’ हे वाक्य दलालाला बिनदिक्कत सांगितलं जातं. एकट्या मुलीला ‘येणारे-जाणारे कोण’ विचारतात, एकट्या मुलाला ‘बॅचलर नको’ सांगतात. दलाल हे सगळं मनात ठेवून गाळूनच माणसं पाठवतो, म्हणून घरमालकाला वाटतं आपण कोणाला कधी नाकारलंच नाही.

कायद्याबद्दल काकूंनी विचारलं होतं, तेही थोडक्यात. खाजगी घरमालकाने किरायेदार निवडताना धर्म-जात पाहू नये असं सर्वसाधारण बंधन घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेचं कलम १५ भेदभावाला मनाई करतं ती प्रामुख्याने शासनाला, आणि दुकानं, हॉटेलं, पाणवठे अशा सार्वजनिक जागांपुरती सर्वांना. पण सगळंच मोकळं आहे असंही नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि एचआयव्ही-एड्सबाबतचा २०१७ चा कायदा, दोन्हींत त्या कारणावरून घर किरायाने नाकारायला स्पष्ट मनाई आहे. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चार लोकांदेखत जातीवरून अपमानित केलं तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, मग ते गेटजवळ घर नाकारताना का असेना. काकूंच्या प्रकरणात यातलं काही लागू नव्हतं. मी ते सांगितलं ते एवढ्यासाठी की ‘कायद्यात चालतं का’ हा प्रश्न इथे फार लवकर संपतो आणि खरा प्रश्न तसाच उरतो.

नकाराच्या मजकुरावर आम्ही बसलो. काकूंनी आधीच एक लिहून ठेवला होता:

‘नमस्कार. तुम्ही सर्व जण खूप छान आहात, आम्हाला तुमचा स्वभाव फार आवडला. आमच्या मनात तसं काही नाही, आमचे सर्व धर्माच्या लोकांशी चांगले संबंध आहेत. पण घरच्या काही अडचणींमुळे सध्या देणे शक्य होत नाही. कृपया गैरसमज करून घेऊ नये. तुम्हाला यापेक्षा चांगले घर मिळो ही देवाजवळ प्रार्थना.’

हेतू चांगला होता, पण प्रत्येक वाक्य उलटं जात होतं. ‘आमच्या मनात तसं काही नाही’ हे वाचताच वाचणाऱ्याला ‘तसं’ म्हणजे काय ते कळतं. त्याने न काढलेला विषय तुम्ही काढला. ‘घरच्या काही अडचणी’ खोट्या होत्या, आणि त्याच दिवशी तारखेवर बोलणं झालेलं असताना त्या अचानक कुठून आल्या? ‘गैरसमज करून घेऊ नये’ म्हणजे दुखावलं तर दोष तुमचा. स्वभावाचं कौतुकही नको. घर पाहायला आलेला माणूस स्वभावाच्या परीक्षेला बसलेला नसतो.

मी म्हटलं, मजकुरात चारच गोष्टी येऊ द्या: निर्णय, ते एक कारण जे दोघांना आधीच माहीत आहे, त्यांच्या कागदपत्रांचं काय केलं, आणि जर खरंच देता येत असेल तर पुढचं काही. त्याआधी फोन करा. ते घरात येऊन, आईला घेऊन जिना चढून गेले आहेत, त्यांना नुसता मेसेज पाठवणं बरं नाही. जो फक्त फोनवर चौकशी करतो त्याला मेसेज पुरतो. फोननंतर मात्र मेसेज पाठवा, म्हणजे दोघांकडे तेच शब्द राहतील.

टोकन घेतलेलं नव्हतं, म्हणून एक गुंता वाचला. घेतलं असतं तर ते त्याच दिवशी, ज्या मार्गाने आलं त्याच मार्गाने, एक रुपया न कापता परत करावं लागलं असतं, आणि फोनही पैसे पाठवल्यावर करायचा. पैसे अडकलेले असताना माणूस कारण ऐकतच नाही.

फोनच्या आधी काकूंनी आणखी दोन कामं केली. दुसऱ्या कुटुंबाला ‘हो’ कळवून त्यांच्याकडून पक्कं करून घेतलं. आणि गेटवरची पाटी काढली. नकार देताना पाटी लटकलेली नसावी ही साधी गोष्ट आहे, पण मी सांगेपर्यंत ती त्यांच्या डोक्यात नव्हती.

फोन बुधवारी रात्री आठच्या सुमारास झाला. मी समोर बसलो होतो आणि काकूंनी स्पीकर लावू का विचारलं तेव्हा नको म्हटलं. दुसऱ्याचं बोलणं त्याला न सांगता ऐकणं बरोबर नव्हतं. पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं तसं लिहितो.

काकू म्हणाल्या, ‘नमस्कार भाऊ. घराबद्दल सांगायचं होतं. १ जूनपासून घेणारे मिळाले, त्यांना हो सांगितलं आहे. तुम्हाला १ जुलैच जमणार होतं, तेवढं थांबणं मला शक्य नव्हतं.’

पलीकडे थोडी शांतता. मग ते म्हणाले, ‘ठीक आहे आंटी.’ आणि मग, आवाज न चढवता, ‘एक विचारू का? खरं सांगा. नावामुळे तर नाही ना? कारण हे आमचं या महिन्यातलं पहिलं घर नाही.’

या प्रश्नाची तयारी आम्ही केली होती, आणि तयारी एवढीच होती की शपथ घ्यायची नाही, दुखावल्याचा आव आणायचा नाही, आणि आपल्या मुस्लिम ओळखीच्यांची यादी द्यायची नाही. काकू म्हणाल्या, ‘तुम्हाला विचारावंसं वाटलं हे मी समजू शकते. कारण तारीख आहे. म्हणूनच मी आज सकाळी आधी तुम्हाला विचारलं, तुम्ही १ जून म्हटलं असतं तर घर तुम्हालाच दिलं असतं.’

हे वाक्य खरं होतं म्हणूनच त्यांना म्हणता आलं. मंगळवारी ते खरं नव्हतं.

ते ‘हो, विचारलं होतं तुम्ही’ म्हणाले. त्यांना पटलं की नाही ते काकूंना कळलं नाही. कदाचित नसेलही पटलं. ज्याने अनेक दारांवर एकच बहाणा ऐकला आहे, त्याने एका काकूंचं खरं लगेच मानावं अशी अपेक्षा ठेवणं काही बरोबर नाही. आणि पटवायचा प्रयत्न सुरू केला की बोलणं लांबतं, मग जादा वाक्यांतून नको ते निसटतं. काकूंनी तिथे थांबायचं ठरवलं होतं आणि त्या थांबल्या.

ज्यांना घर मिळालं ते कोण, कुठले, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काकू सांगणार नव्हत्या. ती दुसऱ्याची माहिती आहे, आणि ‘त्यांचं कुटुंब लहान आहे’ एवढं जरी म्हटलं असतं तरी टाकून दिलेलं पाण्याचं कारण मागच्या दाराने परत आलं असतं.

मग मेसेज गेला:

‘नमस्कार. फोनवर बोललो त्याप्रमाणे वरचा माळा १ जूनपासून देण्याचं ठरलं आहे, त्यामुळे तुम्हाला देता येणार नाही. तुम्ही पाठवलेला आधारचा फोटो मी फोनमधून काढून टाकला आहे, कोणाला पाठवलेला नाही. ठरलेल्या कुटुंबाचं १ जूनच्या आत काही कारणाने रद्द झालं, तर मी सर्वांत आधी तुम्हाला विचारेन, चालेल का ते कळवा. घरी आलात, आईंना जिना चढावा लागला, त्याबद्दल आभार.’

त्यातल्या तिसऱ्या वाक्यावर काकू अडल्या होत्या. ‘हे कशाला? नाही म्हटलं ना एकदा.’ मी म्हटलं, दुसरं कुटुंब २८ मेला मागे फिरलं तर तुमचं घर जून रिकामंच जाणार आहे. मग तुमच्यासाठी १ जुलैवाला माणूस सर्वांत जवळचा. त्यावेळी त्याला न विचारता तुम्ही परत पाटी लावली, तर तारीख हे कारण कधीच नव्हतं. काकूंनी जरा विचार केला आणि वाक्य ठेवलं. एवढं मात्र मी प्रत्येकाला सांगणार नाही. मनात ते करायची तयारी नसेल तर हे वाक्य लिहूच नये; खोटी आशा साध्या नकारापेक्षा महाग पडते.

‘दुसरीकडे पाहा’ हा मुद्दाही राहिला होता. शेजारच्या काकांचा मोमिनपुऱ्याचा सल्ला हा मदतीचा वेष घातलेला नकारच होता: तुमची जागा इथे नाही, तिथे आहे. पण खरी मदत करणं चुकीचं नाही. काकूंच्या ओळखीच्या एका बाईंचं प्रतापनगरला घर जुलैत रिकामं होणार होतं. काकूंनी आधी त्या बाईंना फोन केला, कारण न विचारता नंबर दिला की तिथेही तेच नाटक होतं आणि माणूस दुसऱ्यांदा अपमान घेऊन येतो. त्या बाईंनी पहिला प्रश्न केला, ‘कोण आहेत?’ काकूंनी माणसं पाच, गाडी एक, १ जुलैपासून, दोन-तीन वर्षं राहतील, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘नाही, आडनाव काय?’ काकूंनी आडनाव सांगितलं. बाईंनी मग सांगितलं की घराचं अजून ठरलं नाही. काकूंनी तो नंबर पाठवला नाही आणि त्याबद्दल त्या गृहस्थांना काही बोलल्याही नाहीत.

मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘चालेल आंटी. धन्यवाद.’

अकोल्याचं कुटुंब मागे फिरलं नाही. ३० मेला त्यांचा करार नोंदवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तशी नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. अंगठ्यांसाठी मी मशीन घेऊन घरी गेलो तेव्हा काकूंनी पुढच्या वेळच्या पाटीचा मजकूर तयार ठेवला होता. त्यात किराया, डिपॉझिट, कधीपासून, निदान किती काळ आणि ‘नोंदणीकृत करार, पोलिसांकडे माहिती सर्वांची’ एवढं होतं. शाकाहारी हा शब्द नव्हता. नव्या किरायेदारीण बाईंनी त्याच दिवशी सहज विचारलं, ‘काकू, रविवारी आमच्याकडे मटण असते, तुम्हाला वासाचा त्रास तर नाही होणार ना?’ काकू म्हणाल्या, वरचं स्वयंपाकघर तुमचं आहे.